गुडघ्यामागची गाठ आणि शिरेतली गुठळी

गुडघा जिथे मागून वाकतो तिथे एक लवण असते. पाय सैल सोडून तिथे बोटं ठेवली, की दोन्ही बाजूंना मांडीच्या मागच्या स्नायूंच्या ताठ कंडरा लागतात आणि मध्ये मऊ खळगा लागतो. या एवढ्याशा जागेतून पायाकडे जाणारी मुख्य धमनी, पायातलं रक्त वर नेणारी मुख्य शीर आणि पोटरी-तळव्याची मोठी नस अशा तिन्ही गोष्टी एकमेकींना खेटून जातात. वरून घट्ट आवरण असल्यामुळे आत थोडं जरी काही वाढलं, तरी माणूस म्हणतो, ‘गुडघ्याच्या मागे काहीतरी तटतटतंय, पाय पूर्ण वळत नाही.’

ही तक्रार बहुतेक वेळा एका निरुपद्रवी गोष्टीची असते. गुडघ्यातलं पाणी मागच्या बाजूला साठून तिथे पिशवी तयार होते, डॉक्टर तिला ‘बेकर्स सिस्ट’ म्हणतात. पण याच जागी, याच पोटरीत, खोल शिरेमध्ये रक्ताची गुठळीही होऊ शकते. तिचं नाव ‘डीप व्हेन थ्रॉम्बोसिस’, दवाखान्यातल्या बोलण्यात ‘डीव्हीटी’. पहिलीवर महिनोन्महिने घाई न करता उपचार चालतात. दुसरीतला तुकडा सुटून फुफ्फुसात गेला तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. गाठ आहे की गुठळी, असा प्रश्न सगळे विचारतात. मला तो प्रश्न अपुरा वाटतो. गाठ सापडली म्हणून गुठळी नाही असं होत नाही. दोन्ही एकाच पायात, एकाच वेळी असू शकतात आणि कधी कधी पहिली दुसरीला निमित्त होते.

आधी गाठ कशी होते ते पाहू. निरोगी गुडघ्यात वंगणाचं काम करणारा द्रव जेमतेम अर्धा चमचा असतो. सांध्याची झीज झाली, मेनिस्कस नावाची गादी फाटली किंवा आमवातासारखा आजार असला, की सांध्याचं अस्तर चिडतं आणि जास्त पाणी सोडू लागतं. वाढलेल्या पाण्याला वाट हवी असते. लवणीच्या आतल्या बाजूला, पोटरीचा एक स्नायू आणि मांडीच्या मागची एक कंडरा यांच्यामध्ये घर्षण कमी करणारी एक लहानशी पिशवी मुळातच असते. बऱ्याच प्रौढ माणसांत ती सांध्याला एका फटीने जोडलेली असते. गुडघा हलला की दाबाखालचं पाणी त्या फटीतून पिशवीत ढकललं जातं, पण परत येताना फट मिटते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, तसाच हा प्रकार. पाणी एकाच दिशेने जात राहतं आणि पिशवी फुगते.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमधले शल्यचिकित्सक विल्यम मॉरंट बेकर यांनी १८७७ साली अशा गाठींवर लिहिलं आणि त्यांचा संबंध गुडघ्याच्या सांध्यातल्या आजाराशी जोडला. त्यांच्या आधी, १८४० मध्ये, डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनीही हीच गाठ वर्णन केली होती, तरी नाव बेकर यांचंच रूढ झालं. त्यांनी जोडलेला हा संबंध आजही उपचाराचा पाया आहे. मोठ्या माणसात गाठ दिसते मागे, पण दुखणं असतं सांध्यात. म्हणून नुसतं पाणी काढून टाकलं तर ते पुष्कळदा पुन्हा भरतं. लहान मुलांत मात्र अशी गाठ सांध्याचा काही आजार नसतानाही होते आणि बहुधा आपोआप जिरते.

साधी, न फुटलेली गाठ ओळखायला फार यंत्रं लागत नाहीत. ती लवणीच्या आतल्या अंगाला असते. पाय सरळ ताणला की टणक लागते, गुडघा थोडा वाकवला की मऊ होते किंवा दिसेनाशी होते. पाटावर बसताना, उकिडवं होताना, जिना उतरताना ताण जाणवतो. दिवसभर उभं राहिल्यावर तो वाढतो आणि सकाळी कमी असतो. पोटरी आणि घोटा मात्र सहसा नेहमीसारखेच असतात. इथे एक काळजी हवी. लवणीतली गाठ हाताखाली नाडीसारखी उडत असेल, तर ती धमनीचा फुगा असू शकते. सोनोग्राफी न करता अशा गाठीत कुणालाही सुई घालू देऊ नये.

खरी पंचाईत ती फुटल्यावर होते. पाणी पोटरीच्या स्नायूंच्या थरांमधून खाली उतरतं आणि जिथे जाईल तिथे दाह करतं. माणसाला गुडघ्यामागे काहीतरी टचकन तुटल्यासारखं होतं, मग पोटरीत गरम पाणी ओघळल्यासारखं वाटतं. काही तासांत पोटरी सुजते, लालसर होते, हात लावू देत नाही. हे वर्णन गुठळीच्या वर्णनाशी इतकं जुळतं, की वैद्यकात त्याला ‘गुठळीचं सोंग’ अशा अर्थाचं वेगळं नाव दिलेलं आहे. फुटलेल्या गाठीची एक खूण आहे. काही दिवसांनी आतल्या घोट्याखाली चंद्रकोरीच्या आकाराचा काळानिळा डाग उमटतो. पण तो उशिरा येतो, प्रत्येकाला येत नाही आणि निर्णय तर पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो.

आता गुठळी. पायातलं रक्त वर चढतं ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. आपण चालतो तेव्हा स्नायू आवळून खोल शिरांतलं रक्त वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. चालणं थांबलं, की झडपांच्या कोपऱ्यांत रक्त रेंगाळतं. त्यात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असेल किंवा शिरेच्या भिंतीला इजा झालेली असेल, तर गुठळी धरते. म्हणून ती मोठ्या ऑपरेशननंतर, प्लास्टर घातलेल्या पायात, अंथरुणाला खिळलेल्या माणसात, कॅन्सरमध्ये, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत आणि आधी एकदा गुठळी झालेल्यांत जास्त आढळते. चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासानेही थोडी शक्यता वाढते.

गुठळी कुठे आहे यालाही महत्त्व आहे. पोटरीतल्या लहान शिरांतली गुठळी कित्येकदा तिथेच विरते. ती वर सरकून गुडघ्यामागच्या मुख्य शिरेत पोचली, की धोका वाढतो, कारण तिथून पुढे वाट मोठी होत जाते. मांडी, पोट, हृदयाची उजवी बाजू आणि मग फुफ्फुसाच्या धमन्या. गाठ जिथे होते ती लवण आणि गुठळी धोकादायक होते ती जागा, दोन्ही एकच आहेत.

हे सगळं प्रत्यक्षात कसं गुंततं ते समजायला एक काकू डोळ्यांसमोर आणू. ही कुणा एकीची गोष्ट नाही, समजावण्यासाठी रचलेली आहे, पण तिच्यातला प्रत्येक टप्पा दवाखान्यांत रोजचा आहे. वय ६२. उजव्या गुडघ्याची झीज आठ-दहा वर्षांची. गेले दोन महिने गुडघ्याच्या मागे भरल्यासारखं वाटतंय, खाली बसवत नाही. एका दुपारी एसटीच्या उंच पायरीवरून उतरताना उजव्या लवणीत कळ आली. संध्याकाळपर्यंत पोटरी सुजली. शेजारणीने कोमट तेल लावून चोळायला सांगितलं, मुलाला वाटलं चमक भरली असेल. सुनेने मात्र चोळू दिलं नाही आणि सकाळी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी काकूंना पालथं झोपवलं. “काकू, पाय सरळ करा. आता थोडा वाकवा.” लवणीत गाठ स्पष्ट लागत नव्हती, पण आतल्या बाजूला भरीवपणा होता. मग त्यांनी शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी काढली. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा एक उंचवटा लागतो. त्याच्या १० सेंटिमीटर खाली खूण करून दोन्ही पोटऱ्यांचा घेर घेतला. डावा ३३ सेंटिमीटर, उजवा साडेछत्तीस. नडगीच्या कातडीवर अंगठा दाबून धरला तर उजवीकडे खळगा राहिला, डावीकडे नाही. पोटरीच्या मधोमध, खोल शीर जाते त्या रेषेवर दाबलं तर दुखलं. पावलं वर ओढून पोटरी दुखते का, हे मात्र डॉक्टरांनी करून पाहिलं नाही आणि ते बरोबरच होतं. ती जुनी परीक्षा अजून पुष्कळ ठिकाणी केली जाते, पण फुटलेली गाठ असो, ताणलेला स्नायू असो वा गुठळी, पोटरी तिन्हीत दुखते. त्यातून काही ठरत नाही.

मग हिशोब. कॅनडातले डॉक्टर फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात गुठळीची शक्यता मापण्यासाठी एक गुणपत्रिका तयार केली, ती आज जगभर वापरतात. पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर १ गुण. फक्त दुखऱ्या पायावर खळगा पडणारी सूज, १. खोल शिरेच्या रेषेवर दुखणं, १. संपूर्ण पाय सुजलेला असणं, चालू कॅन्सर, पायाचा लकवा किंवा प्लास्टर, तीन दिवस वा जास्त अंथरुणावर असणं किंवा गेल्या बारा आठवड्यांतलं मोठं ऑपरेशन, पूर्वीची गुठळी, आणि त्वचेखाली नव्याने फुगलेल्या, व्हेरिकोज नसलेल्या शिरा, या प्रत्येकाला १. शेवटी एक उलटी नोंद आहे. गुठळीइतकंच किंवा तिच्याहून जास्त संभवणारं दुसरं निदान समोर असेल, तर २ गुण वजा. बेरीज २ किंवा जास्त आली तर गुठळी संभवते, १ किंवा कमी आली तर संभव कमी.

काकूंचे गुण ३ होतात. दोन महिन्यांचा ताण, झिजलेला गुडघा, पायरीवर अचानक आलेली कळ, हे सगळं फुटलेल्या गाठीकडे बोट दाखवतं, म्हणून २ वजा. उरला १. म्हणजे ‘गुठळी संभवते’ आणि ‘संभव कमी’ यांच्यातली रेघ काकूंच्या बाबतीत गाठीबद्दलच्या अंदाजावर ओढली गेली. बाकीच्या बऱ्याच नोंदी पट्टीने, अंगठ्याने किंवा चौकशीने ठरतात. ही उलटी नोंद मात्र पूर्णपणे डॉक्टरांच्या मताची आहे आणि तिचं वजन दुप्पट आहे. लांबच्या प्रवासाला तर या पत्रिकेत जागाच नाही. काकू त्या एसटीने अकरा तास बसून आल्या असत्या, तरी बेरीज तीच आली असती. म्हणून ‘स्कोअर कमी आला’ म्हणजे काम संपलं असं कुणी समजू नये. कमी बेरजेनंतर पुढची तपासणी करायची असते.

ती पुढची तपासणी म्हणजे डी-डायमर. गुठळी विरघळताना तिच्या जाळीचे तुकडे रक्तात येतात, ते यात मोजतात. नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम. पन्नाशीनंतर वयाला १० ने गुणून येणारी मर्यादा धरतात, म्हणजे काकूंसाठी ६२०. प्रत्येक लॅबची एककं सारखी नसतात, त्यामुळे रिपोर्टवर छापलेली मर्यादा आणि एकक बघूनच आकडा वाचायचा. बेरीज कमी आणि डी-डायमरही मर्यादेखाली असेल तर गुठळी जवळपास नाहीच असं धरता येतं. या तपासणीचा उपयोग ‘नाही’ म्हणायला आहे, ‘आहे’ म्हणायला नाही. वय, जंतुसंसर्ग, मार, सूज, गरोदरपण, कॅन्सर, कशानेही आकडा चढतो. फुटलेल्या गाठीच्या दाहानेही चढू शकतो. काकूंचा आला १२४०.

त्या दिवशी दुपारी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी झाली. रंगीत डॉप्लरची चित्रं पाहून माणसं दबकतात, पण यातली मुख्य चाचणी अगदी साधी आहे. डॉक्टर यंत्राचा हात जांघेत शिरेवर आडवा ठेवतात आणि दाबतात. निरोगी शीर पातळ भिंतीची असते, दाबल्यावर पूर्ण मिटते. शेजारची धमनी उघडीच राहते. शिरेत गुठळी असेल तर ती मिटत नाही. एवढंच बघत थोडं थोडं सरकत मांडी, गुडघ्यामागची लवण आणि पोटरीपर्यंत यायचं. काकूंच्या सगळ्या शिरा मिटल्या. लवणीच्या आतल्या अंगाला अर्धवट रिकामी पिशवी दिसली. तिचं खालचं टोक गोल असण्याऐवजी निमुळतं झालं होतं आणि तिथून पोटरीच्या थरांत पाण्याचा पट्टा उतरला होता. गाठ फुटलेली होती, गुठळी नव्हती.

इथे एक समंजस निर्णय झाला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. सूज बघून आदल्याच रात्री रक्त पातळ करण्याचं इंजेक्शन दिलं गेलं नाही. गुठळीचा जोरदार संशय आहे आणि सोनोग्राफी लगेच होत नाही, तेव्हा तपासणीआधी इंजेक्शन किंवा गोळी देणं योग्यच असतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची शिफारस आहे, की संशय मोठा असेल तर चार तासांत सोनोग्राफी व्हावी, ती जमणार नसेल तर औषध सुरू करून २४ तासांत करावी. पण नुकत्याच फुटलेल्या गाठीच्या पोटरीत या औषधाने रक्तस्राव होऊ शकतो. पोटरीचे स्नायू घट्ट कप्प्यांत बांधलेले असतात. आत रक्त साठलं की कप्प्यातला दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठाच तुटतो. पोटरी लाकडासारखी कडक होणं, बोटं दुसऱ्याने हलवली तरी असह्य कळ येणं, पाऊल बधिर होणं या त्याच्या खुणा आहेत आणि तेव्हा काही तासांत ऑपरेशन करावं लागतं. म्हणून ‘गुठळीच समजून औषध देऊन टाकू, नुकसान काय?’ हा विचार निर्धास्तपणे करता येत नाही.

काकूंना घरी पाठवलं. पाय उंच ठेवायचा, बर्फाचा शेक, पॅरासिटामॉल, आणि सूज उतरली की गुडघ्याचे व्यायाम. पाणी पुन्हा फारच भरलं तर सोनोग्राफीत बघत ते काढायचं आणि सांध्यात स्टेरॉइड द्यायचं, गादी फाटलेली असेल तर तिचं काय करायचं ते नंतर ठरवायचं, असंही सांगितलं. सगळं बरोबर होतं. फक्त घरी ‘पाय उंच ठेवा’ याचा अर्थ ‘उठू नका’ असा झाला. दुखत असल्यामुळे काकू बाथरूमखेरीज पलंगावरून उतरल्या नाहीत. गुडघ्याखाली कुणीतरी क्रेप बँडेजही घट्ट आवळून दिलं.

नवव्या दिवशी पुन्हा सूज आली. या वेळी ती मांडीपर्यंत होती.

“आई, ती जुनीच गाठ असेल,” मुलगा म्हणाला. “रिपोर्ट आहे ना आपल्याकडे, गुठळी नाही म्हणून.”

या वाक्यात खोट काही नाही, रिपोर्ट खराच होता. पण तो नऊ दिवसांपूर्वीच्या शिरेबद्दल होता. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. चालणं थांबल्यामुळे पोटरीचा पंप बंद पडला. आणि उरलेल्या पिशवीत पाणी पुन्हा भरलं, ती शेजारच्या शिरेवर रेलली. वरून दाब, आतून मंदावलेलं रक्त, शिवाय घट्ट पट्टी. पुन्हा हिशोब मांडला तर तीन दिवसांहून जास्त अंथरूण १, खोल शिरेवर दुखणं १, संपूर्ण पाय सुजलेला १, पोटरीच्या घेरातला फरक १, खळगा पडणारी सूज १. बेरीज ५. गाठ आहे म्हणून २ वजा केले तरी ३ उरतात. या बेरजेला डी-डायमरची वाट बघत बसायचं नसतं, थेट सोनोग्राफी करायची असते. ती केली आणि गुडघ्यामागची शीर दाबल्यावर मिटली नाही.

माझ्या मते दुसऱ्या वेळची ही सूज पहिल्या वेळेपेक्षा जास्त फसवी असते, कारण घरात एक खरं निदान आधीच येऊन बसलेलं असतं. ते हातात असताना डॉक्टरसुद्धा त्याच चष्म्यातून बघू लागतात. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘गुडघ्यामागची गाठ बघा’ एवढंच लिहिलं, तर तपासणारा गाठ बघतो, मोजतो आणि रिपोर्ट देतो. शिरा दाबून पाहिल्याचा त्यात उल्लेखही नसू शकतो. तशा रिपोर्टवरून गुठळीबद्दल काहीच कळत नाही.

काकूंना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी आणि रक्ताची मोजणी झाली. रिव्हारोक्साबान घ्यायचं असेल तर पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि मग २० मिलिग्रॅम एकदा, जेवणाबरोबर. उपचार किमान तीन महिने. काही ठिकाणी असेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन देतात, त्यात आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान राहतो की नाही हे रक्त तपासून बघत राहावं लागतं. गोळीने गुठळी लगेच विरघळत नाही. ती वाढायची थांबते, आणि शरीर हळूहळू तिची विल्हेवाट लावतं. त्यामुळे सूज दोन दिवसांत उतरली नाही म्हणून गोळी लागू पडत नाही असं समजून ती सोडू नये. गाठ फुटल्याला दहा दिवसही झालेले नव्हते, म्हणून सुरुवातीचे काही दिवस पोटरीवर बारीक लक्ष ठेवलं.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडे हटकून निसटते. काकू गुडघ्यासाठी गेली कित्येक वर्षं डायक्लोफिनॅक घेत होत्या. कधी दुकानातून आणून, कधी शेजारणीच्या पाकिटातली. ही गोळी किंवा आयब्युप्रोफेन रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या जोडीला घेतली, तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो. पण रुग्णाच्या हिशोबात गुडघ्याची गोळी वेगळी आणि शिरेची गोळी वेगळी, म्हणून तो पहिलीबद्दल बोलतच नाही. कुठली वेदनाशामकं चालू आहेत, हे नाव घेऊन विचारावं लागतं आणि घरच्यांनी पाकिटंच पिशवीत घालून न्यावीत. काळी शौच, नाकातून न थांबणारं रक्त, डोक्याला मार, यातलं काही झालं तर लगेच दवाखाना गाठायचा.

चालण्याबद्दलही लोकांच्या मनात गोंधळ असतो. गुठळी झाली की हलायचं नाही, तुकडा सुटेल, असं पूर्वी सांगत असत. औषध सुरू झाल्यावर बहुतेकांना आता बेताने चालायलाच सांगतात. चोळणं, मालीश, हाडवैद्याकडून नस ओढून घेणं हे मात्र दोन्ही दुखण्यांत बंद. फुटलेल्या गाठीत त्याने दाह वाढतो आणि गुठळीत काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको.

सोनोग्राफी स्वच्छ आली, पण बेरीज २ किंवा जास्त होती आणि डी-डायमरही वाढलेला होता, तर सहा ते आठ दिवसांनी सोनोग्राफी परत करतात. पोटरीतली बारीक गुठळी पहिल्या वेळी नजरेतून सुटू शकते आणि आठवडाभरात वर सरकू शकते. ही दुसरी तारीख पुष्कळजण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून चुकवतात. गरोदर बाईच्या बाबतीत ही बेरीज आणि डी-डायमर दोन्ही फारशी मदत करत नाहीत. तिच्या एका पायाला, बहुधा डाव्याला, सूज आली तर सरळ सोनोग्राफीच करून घ्यावी.

चिठ्ठी लिहून घेताना डॉक्टरांना एवढं सांगावं, की गाठीबरोबर शिराही बघायला लिहा. कुठला पाय, व्हीनस डॉप्लर, जांघेपासून पोटरीपर्यंत, आणि लवणीतली गाठ. रिपोर्ट हातात आल्यावर त्यात गुडघ्यामागच्या शिरेचा, म्हणजे पॉप्लिटिअल व्हेनचा उल्लेख आणि ती दाबल्यावर मिटते की नाही याची नोंद आहे का ते बघावं. नसेल तर तिथेच थांबून विचारावं. आणि पाय सुजलेल्या माणसाला अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा भोवळ आली, तर सोनोग्राफी सेंटरची वेळ बघत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि फोनवर पहिल्याच वाक्यात सांगावं, की याचा पाय सुजलेला आहे.